संत्र्याची नवी पालवी दरवर्षी पिवळी पडते: नर्सरीवाल्या भाऊंना पाठवलेला मेसेज आणि मग जे निघालं ते

आमच्या गच्चीवर संत्र्याचं एक कलम आहे, निळ्या ड्रमच्या अर्ध्या तुकड्यात लावलेलं, आणि गेली तीन वर्षं जुलै-ऑगस्ट आला की त्याची नवी पालवी पिवळी पडते. पहिल्या दोन वर्षी मी नर्सरीवाल्या भाऊंना एक फोटो टाकला आणि खाली लिहिलं "भाऊ पानं पिवळी पडून राहिली, काय मारू?" त्यावर त्यांनी एकदा "पाणी कमी करा" सांगितलं आणि एकदा "मायक्रोन्यूट्रियंट मारा", आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण तेवढ्या माहितीवर कोणीही तेच सांगेल. यावर्षी पुन्हा तेच झालं तेव्हा ठरवलं की दोन रविवार नीट बघायचं, जे दिसलं ते सगळं लिहायचं आणि मगच विचारायचं. तो मेसेज खाली देतोय, फक्त नावगाव काढलंय.

नमस्कार भाऊ,

संत्र्याचं जे कलम तुमच्याकडून जुलै 2021 मध्ये नेलं होतं, जंभेरीच्या खुंटावर डोळा भरलेलं, त्याच्याबद्दल विचारायचं आहे. मेसेज लांब आहे, पण या वेळी अंदाजाने औषध नाही मारायचं, म्हणून वेळ मिळेल तेव्हा वाचा, घाई नाही.

आधी काय दिसतंय ते सांगतो. पिवळी पडतात ती फक्त नवी पानं, फांदीच्या शेंड्याकडची, यावर्षी जूनच्या शेवटी पाऊस लागल्यावर जी पालवी फुटली ती. खालची जुनी पानं चांगली गडद हिरवी आहेत, त्यांना हातही लावावा नाही लागत. नव्या पानात शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, म्हणजे पान उन्हाकडे धरलं तर पिवळ्या कागदावर हिरव्या पेनानं बारीक जाळी काढल्यासारखं दिसतं. शेंड्याची अगदी शेवटची दोन-तीन पानं तर जवळजवळ पांढरट झालीत, त्यात शिराही फिक्या. पानाचा आकार मात्र लहान नाही झालेला, दोन पानांमधलं अंतरही नेहमीसारखंच आहे. हे मुद्दाम लिहितोय कारण काटोलला माझा मामेभाऊ आहे, त्याची संत्र्याची बाग आहे, त्याला फोनवर सांगितलं तर तो लगेच म्हणाला "झिंक असंल", आणि मग स्वतःच म्हणाला की झिंक कमी असलं तर पानं बारीक, निमुळती होतात आणि शेंड्याला गुच्छासारखी गोळा होतात, तसं आहे का बघ. तसं नाही आहे.

नत्र कमी पडलं असतं तर पिवळेपणा खालून सुरू झाला असता, जुनं पान अख्खं पिवळं, शिरेसकट. तेही नाही. मॅग्नेशियमचंही जुन्या पानावरच दिसतं, देठाकडं हिरवा त्रिकोण उरतो म्हणतात, तोही कुठं दिसला नाही.

मग मला भीती होती ग्रीनिंग रोगाची, कारण मामेभावाकडं त्याच्यामुळं काही झाडं काढावी लागली होती. त्यानं एक युक्ती सांगितली ती मी केली. पान मधल्या शिरेवर दुमडायचं आणि दोन्ही अर्धे एकमेकांशी जुळवून पाहायचे, ग्रीनिंगमध्ये पिवळे डाग दोन्ही बाजूला वेगवेगळे असतात, एका अर्ध्यात मोठा चट्टा तर दुसऱ्यात काहीच नाही असं. मी अकरा पानं दुमडून पाहिली, सगळ्यांत दोन्ही बाजू सारख्याच, आरशात पाहिल्यासारख्या. आणि एकच फांदी नाही तर झाडाच्या चारी बाजूंच्या शेंड्यांवर हेच आहे. तो रोग पसरवणारा सायला किडाही सापडला नाही. नागअळीच्या चंदेरी रेघा दोन-चार पानांवर आहेत पण ते दर पावसाळ्यात असतंच. मावा मात्र कोवळ्या शेंड्यांवर आहे आणि त्याच्या चिकट्यामुळं मुंग्यांची रांग खोडावरून वर चाललेली असते, हे दरवर्षीचंच.

मुळांचं पण बघितलं. मागच्या रविवारी ड्रमच्या कडेनं खुरप्यानं वीतभर खोल उकरलं. मुळं फिक्या तपकिरी रंगाची, टोकं पांढरी, वास काही नाही. बारीक मूळ चिमटीत धरून ओढलं तर साल निसटून आतला दोरा उरला असं झालं नाही, म्हणजे मूळकूज वाटत नाही. डोळा भरल्याच्या जागी खोडावर डिंकही नाही. तळाची भोकं उघडी आहेत, बादलीभर पाणी ओतलं तर पाच मिनिटांत खालून यायला लागतं, पण माती काळी असल्यानं वरची दोन दिवस चिकट राहते हे खरं.

आता माती आणि पाणी. माती मामेभावाच्या शेतातलीच, दोन पोती काळी माती आणि एक पोतं शेणखत, थोडी कन्हानची रेती. तुम्ही त्या वेळी "एवढी काळी नका घालू" म्हणाला होता, ऐकलं नाही, ते माझं चुकलं. पण भाऊ, इथं एक गोष्ट मला समजून नाही राहिली. तो निळा ड्रम मधून कापून दोन अर्धे केले होते, एकात संत्रा, दुसऱ्यात कढीपत्ता. दोन्हीत माती एकाच दिवशी, एकाच ढिगाऱ्यातली भरली. दोन्हीला पाणी एकाच पाइपचं. आणि कढीपत्ता हिरवागार आहे. पिवळा पडलाय तो शेजारचा मोगरा, त्याची पण नवीच पानं, त्याच नमुन्याची, तो मातीच्या कुंडीत आहे आणि त्याची माती वेगळी, तुमच्याच नर्सरीतली.

पाणी पावसाळा सोडून बहुतेक बोअरचं. नळाला पेंचचं येतं पण ते घरात पुरवून वापरतो, झाडांना नाही देता येत. आरओवाल्याकडून टीडीएसचा मीटर मागून घेतला तर बोअरचं पाणी 900 च्या आसपास आणि नळाचं 200 च्या थोडं वर दाखवलं. बोअरच्या पाण्यानं गिझरमध्ये आणि चहाच्या पातेल्यात पांढरा थर बसतो हे तर रोजचंच. ड्रमच्या आतल्या काठाला आणि मातीवरही पांढरी पापडी आहे.

मातीत चुनखडी किती ते पाहायला व्हिनेगरचा प्रयोग पण केला. मातीचे तीन नमुने घेतले, कोरडे केले, प्रत्येकी एक चमचा, आणि वरून चायनीजवालं पांढरं व्हिनेगर टाकलं. मामेभावाच्या पोत्यात उरलेली माती होती तिला थोडे बुडबुडे आले, कान लावला तर चरचर ऐकू येते एवढे. ड्रमच्या तळाजवळच्या मातीला तेवढेच. पण संत्र्याच्या ड्रमच्या वरच्या तीन-चार बोटं थरातली माती चांगली फसफसली, सोडा टाकल्यासारखी. पोरगा उरलेल्या व्हिनेगरनं अख्खी गच्ची तपासायला निघाला होता, बाटली हिसकावून घ्यावी लागली. पीएच माशांच्या टाकीच्या किटनं पाहिला, एक भाग माती, दोन भाग बॅटरीचं पाणी, अर्धा तास ठेवून वरचं निवळलेलं पाणी घेतलं, वरच्या थराचा रंग 8 च्या बराच वर गेला, तळाचा 8 च्या थोडा खाली. किट काही लॅबचं नाही, पण वर-खाली फरक आहे एवढं नक्की.

शेवटचं म्हणजे लोह कमी आहे की नाही ते पाह्यलं. हिराकस, म्हणजे लोहाचंच मीठ, घेतला, एक ग्रॅम, 200 मिली पाण्यात, त्यात लिंबाचे पाच-सहा थेंब (नाहीतर पाणी लगेच तांबूस होतं) आणि शाम्पूचा एक थेंब. संध्याकाळी कापसानं तीन पिवळ्या पानांच्या फक्त उजव्या अर्ध्यावर लावलं, डावा अर्धा तसाच ठेवला, देठाला लाल दोरा बांधला. आज नववा दिवस आहे. तिन्ही पानांवर उजवीकडं हिरवे ठिपके आलेत, जिथं जिथं पाणी टिकलं तिथं तिथं, आणि डावी बाजू होती तशी पिवळी. फोटो पाठवतोय, दोऱ्याची पानं पाहा.

आतापर्यंत केलेले उपाय असे. 2023 ला पाणी कमी केलं, फरक नाही. 2024 ला मायक्रोन्यूट्रियंटची फवारणी केली, पंधरा दिवसांनी दोनदा, त्यानं होती ती पानं बरीच हिरवी झाली पण पुढची पालवी पुन्हा पिवळी. त्याच वर्षी यूट्यूबवर पाहून हिराकस दोन चमचे मातीतही टाकला, त्याचा काहीच परिणाम नाही, उलट मातीवर गंजासारखा थर आला. 2022 मध्ये म्हणजे लावल्याच्या दुसऱ्या वर्षी मात्र पालवी एकदम चांगली होती.

तर विचारायचं असं आहे. लोह झाडाला मिळत नाही हे मला पटलंय. पण ते कशामुळं मिळत नाही? काळ्या मातीतल्या चुनखडीमुळं म्हणावं तर कढीपत्ता काहून हिरवा आहे? बोअरच्या पाण्यामुळं म्हणावं तर तेच पाणी त्यालाही आहे. आणि 2022 ला नव्हतं, 2023 पासून दरवर्षी आहे, हे काय? कुंडी बदलायची असेल तर आत्ता पावसात बदलू की थांबू? रविवारी 11 पर्यंत येतो, एक फांदी आणि वरची-खालची माती वेगवेगळ्या पिशवीत घेऊन येईन, फक्त त्या दिवशी असता का ते सांगा.

एवढा मेसेज. भाऊंचा रिप्लाय दुपारी आला, दोनच ओळी: "फोटो पाहिले. एप्रिलमध्ये गच्चीला चुना मारता का? उरलेला कुठं टाकता?"

मी तर पाहतच राहिलो. आमच्या इथं उन्हाळ्यात स्लॅब एवढा तापतो की वरच्या मजल्यावर रात्री 2 वाजेपर्यंत भिंती गरम असतात, म्हणून एप्रिलमध्ये गच्चीला चुना मारायचा हे बाबांचं खातं. हे कधी सुरू झालं ते मी आठवून पाहिलं, 2023 च्या एप्रिलमध्ये. त्याआधी आम्ही हिरवं नेट बांधायचो. बाबांना विचारलं की बाबा बादलीतला उरलेला चुना कुठं टाकता, तर ते शांतपणे म्हणाले, "टाकतो कशाला, मुंग्यांवर ओततो ना. संत्र्याला आन् मोगऱ्याला. मुंग्या तिथंच असतात." कढीपत्त्यावर मुंग्या नसतात. तीन वर्षं मी पानं बघत होतो, पण कुंडीत काय पडतं ते घरातल्या माणसाला विचारलंच नव्हतं.

रविवारी गेलो तेव्हा भाऊंनी सगळं नीट समजावलं. त्यांचं म्हणणं असं, की काळ्या मातीत लोह भरपूर असतं, पण पीएच साडेसातच्या वर गेला की ते विरघळत नाही, मूळ त्याला उचलू नाही शकत. आमची माती आधीच काठावर होती, बोअरच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळं दरवर्षी थोडी थोडी आणखी सरकत होती, कढीपत्ता तेवढं सहन करून राहिला होता. संत्र्याला आणि मोगऱ्याला त्यावर दर एप्रिलला चुन्याचा एक डोस मिळत होता. मोगऱ्याची माती वेगळी असूनही तोच नमुना दिसला, तिथंच त्यांना संशय आला, कारण मग माती सोडून काहीतरी त्या दोघांत सारखं असणार. आणि वरच्या थरात जास्त फेस म्हणजे जे काही आहे ते वरून पडतंय, खालून नाही. पावसाळ्यात का दिसतं, तर मोठी पालवी तेव्हाच फुटते, आणि चिकट ओल्या मातीत हवा कमी झाली की लोह उचलणं आणखी अवघड जातं.

मातीत टाकलेला हिराकस का वाया गेला तेही त्यातच आलं, असल्या मातीत तो काही दिवसांत गंज होऊन बसतो. दुकानात मिळणाऱ्या चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रसायनानं धरून ठेवलेल्या, लोहाबद्दल त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती. स्वस्तवालं असतं ते ईडीटीए, ते फवारणीला चांगलं, पण मातीत पीएच साडेसहाच्या वर गेला की त्याची पकड सुटते, म्हणजे आमच्या मातीत ओतून उपयोग नाही. मातीत द्यायचं तर ईडीडीएचए घ्यायचं, ते 9 च्या आसपास पीएच असला तरी टिकतं, महाग पडतं, पाण्यात टाकलं की द्राक्षाच्या सरबतासारखं गडद लाल दिसतं. पाकिटावर कुठलं अक्षर आहे ते वाचूनच घ्या म्हणाले, "चिलेटेड आयर्न" एवढंच मोठ्या अक्षरात असतं.

मी विचारलं की गंधक टाकून पीएच खाली नाही का आणता येणार. त्यावर ते म्हणाले की आधी ते गंधक मातीतला सगळा चुना खाणार, तो संपला की मग पीएच हलणार, आणि एवढा चुना संपायला किती टाकाल. त्यापेक्षा माती काढा.

मग केलं ते असं. वरची चार बोटं माती पूर्ण खरवडून काढली, मुळं उघडी पडली तिथं थांबलो, जवळजवळ दीड घमेलं निघालं. त्याजागी गांडूळखत, कोकोपीट आणि धुतलेली रेती सारखी सारखी मिसळून भरली. ईडीडीएचए 5 ग्रॅम, दोन लिटर पाण्यात, आधी माती ओली करून मग संध्याकाळी ओतलं, कारण उन्हात ते खराब होतं म्हणाले. पिवळ्या शेंड्यांवर हिराकसची फवारणी, लिटरला 5 ग्रॅम आणि थोडं लिंबू, आठ-आठ दिवसांनी दोनदा, फवारा संध्याकाळीच, नाहीतर कोवळी पानं भाजतात. पूर्ण माती बदलायची ती आता नाही, जानेवारीत, आंब्याची पालवी फुटायच्या आधी (आंब्या म्हणजे आंबिया बहार, आमच्याकडं असंच म्हणतात). गच्चीच्या पाइपखाली एक ड्रम लावला, पावसाचं पाणी साठवायला, त्याचा टीडीएस 20 च्या खाली आला, पण ते दिवाळीच्या पुढं पुरलं नाही, त्यानंतर पुन्हा बोअरचंच आहे, तेवढं मान्य आहे.

पांढरट झालेली जी दोन-तीन पानं होती ती नाही सुधरली, गळली. बाकीची फवारणीनं ठिपक्या-ठिपक्यानं हिरवी झाली, सुरुवातीला चितळासारखी दिसायची, मग भरली. खरी परीक्षा होती ती हस्ताच्या पालवीची, कारण त्यावर फवारा मारायचा नाही असं भाऊंनी बजावलं होतं, नाहीतर मुळातून लोह येतंय की नाही ते कळणार नाही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती फुटली आणि हिरवी फुटली, पोपटी नाही तर बऱ्यापैकी हिरवी, दोन शेंडे अजून किंचित फिके आहेत. मोगऱ्याला फक्त वरची माती बदलली, चिलेट दिलं नाही, तोही हळूहळू सुधारतोय पण मागं आहे.

मुंग्यांचं म्हणाल तर मुंग्या माव्याच्या चिकट्यासाठी येतात, म्हणून आता सकाळी पाइपच्या जोरदार धारेनं शेंड्यांवरचा मावा धुऊन काढतो, तीन-चार दिवस लागोपाठ, आणि खोडाला कापडाची पट्टी बांधून त्यावर ग्रीस लावलंय. बाबांना हे पटलेलं नाही. "चुना बरा होता," म्हणतात, "एका दिवसात काम व्हायचं." एप्रिलमध्ये बादली मीच धुणार आहे, खाली मोरीत.